मदत हवी आहे: अ‍ॅक्टिव्ह अवर्स लावूनही रात्री विंडोज अपडेट उतरतंय, व्हॅलोरंटमध्ये पिंग २०० च्या वर

राजारामपुरी_९वी_गल्ली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातून, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आम्ही पाच मित्र रोज रात्री ९ ते ११ व्हॅलोरंट खेळतो, पुढच्या महिन्यात कॉलेजांची स्पर्धा आहे म्हणून सराव चाललाय. माझ्याकडे विंडोज ११ होम आहे. नेट लोकल केबलवाल्याचं, ४० एमबीपीएसचा प्लॅन. पीसी वायरनेच राउटरला जोडलाय. मुंबई सर्व्हरला एरवी २२ च्या आसपास पिंग असतं.

काल बुधवारी सव्वानऊला मॅच ऐन रंगात असताना पिंग २२ वरून २४० वर गेलं. दहा-पंधरा सेकंद तसंच, मग खाली, परत वर. असं अर्धा तास चाललं. समोरचा दिसायच्या आधी मी मेलेलो असायचो. शेवटी अपडेटचं पान उघडून बघितलं तर डाउनलोड ६१ टक्क्यांवर!

मी अ‍ॅक्टिव्ह अवर्स संध्याकाळी ६ ते रात्री १२ असे आधीच लावलेत. त्या वेळात अपडेट यायलाच नको ना? मग का येतंय? मित्रांचा सराव माझ्यामुळे वाया जातोय, त्याचं फार वाईट वाटतं. कुणी नीट सांगेल का?

शाहूपुरीचा_गडी

भावा, सोपं आहे. अ‍ॅक्टिव्ह अवर्स १८ तासांपर्यंत वाढवता येतात, जास्तीत जास्त लाव. आणि `services.msc` उघडून Windows Update डिसेबल करून टाक. मी दोन वर्षं तसंच ठेवलंय, काही होत नाही.

उद्यमनगरवाला

१८ तासांचं बरोबर आहे, पण त्यानं हा प्रश्न सुटणार नाही. अ‍ॅक्टिव्ह अवर्सचं काम एवढंच की त्या वेळात मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ द्यायचं नाही. डाउनलोड त्या वेळातही चालूच राहतं. नावामुळे बहुतेकांचा हाच समज होतो, माझ्याकडच्या गिऱ्हाइकांचाही होतो.

सर्व्हिस डिसेबल करू नका. विंडोजमध्ये दुसरी एक सर्व्हिस खास ती परत उभी करायलाच ठेवलेली आहे, त्यामुळे काही दिवसांनी ती पुन्हा चालू झालेली दिसते. आणि चालू झाली नाही, तर सुरक्षेचे पॅचही येत नाहीत. उद्यमनगरात दोन वर्कशॉपमध्ये असं बंद ठेवलेलं मशीन व्हायरसनं गेलेलं मी स्वतः साफ केलंय. हिशेबाच्या फाइली परत मिळाल्या नाहीत.

आणि बुधवारच का, तर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट महिन्याचं मोठं अपडेट सोडतं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी १० वाजता. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. मग प्रत्येक मशीन आपापल्या वेळेला विचारायला जातं. दिवसभर पीसी बंद असेल आणि तुम्ही संध्याकाळी चालू करत असाल, तर बुधवारी संध्याकाळीच ते गाठणार.

आधी एक खात्री करून घ्या. दोन कमांड विंडो उघडा, दोन्ही चालू ठेवून खेळा, आणि लॅग आला की बघा:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला आकडा तुमच्या राउटरचा, दुसरा बाहेर इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरचा. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो टाका. त्याच वेळी `resmon` उघडून Network टॅबमध्ये कोण किती ओढतंय तेही बघा.

कळंब्याची_ताई

माझ्या मुलाच्या लॅपटॉपलाही हाच त्रास आहे. गेम लावला की पंखा जोरात फिरतो, लॅपटॉप तापतो आणि चित्र अडकत अडकत येतं. दुकानदार म्हणाला पेस्ट बदलायला लागेल. हे अपडेटमुळेच होत असेल का?

उद्यमनगरवाला

ताई, चित्र अडकतं तेव्हा गेममधला पिंगचा आकडा बघायला सांगा. पिंग जागेवर असेल आणि चित्रच अडकत असेल तर ते नेटचं दुखणं नव्हे. तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे दुकानदार म्हणतो ते बरोबर असू शकतं. या धाग्यातला त्रास वेगळा आहे, इथे पिंगच उडतंय.

राजारामपुरी_९वी_गल्ली

दादा, केलं. अपडेट अजून उरलंच होतं, म्हणून आज मुद्दाम ते चालू असताना बघितलं. राउटरचा आकडा सगळा वेळ १ च्या खाली. 8.8.8.8 चा २४ वरून १८०, २३०, २६० असा जात होता. resmon मध्ये सगळ्यात वर `svchost.exe`. माझ्या गेमचं नाव पार खाली, अगदी किरकोळ आकडा. गेम एवढं कमी नेट वापरतो तर त्याला ४० मधलं थोडंसं का मिळत नाही?

उद्यमनगरवाला

ते svchost म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसा, अपडेट त्यातूनच उतरतं. गेमला नेट मिळतं, पण वेळेवर मिळत नाही. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते तशी ही गोष्ट आहे. तुमचा गेम म्हणजे त्या रांगेत अडकलेली मोटरसायकल. तिला जागा थोडीच लागते, पण पुढच्या ट्रॉल्या हलेपर्यंत थांबावं लागतं. अपडेट लाइन पूर्ण भरून टाकतं, केबलवाल्याच्या टोकाला डेटाची रांग साठते, आणि गेमचा प्रत्येक छोटा तुकडा तिच्या शेपटीला उभा राहतो. ती २०० मिलिसेकंद म्हणजे रांगेत थांबलेला वेळ. राउटरचा आकडा साफ आहे, म्हणजे घरातली वायर ठीक आहे आणि रांग बाहेरच्या लाइनवर आहे.

म्हणून लाइन कधीच पूर्ण भरू द्यायची नाही. Settings मध्ये Windows Update, त्यात Advanced options, त्यात Delivery Optimization. तिथे डाउनलोडच्या मर्यादा सरळ दिसल्या नाहीत तर पुन्हा Advanced options उघडा, आणि त्यात Absolute bandwidth निवडा. टक्केवारीचा पर्याय घेऊ नका, कारण ती टक्केवारी विंडोजनं स्वतः मोजलेल्या वेगाची असते आणि केबलच्या नेटवर तो अंदाज चुकतो. बॅकग्राउंडला ५ एमबीपीएस टाका. १ जीबीचं अपडेट त्या वेगानं साधारण २७ मिनिटांत उतरतं, म्हणजे काही अडून राहत नाही.

फोरग्राउंडचा आकडा मात्र मोकळा ठेवा. तुम्ही स्वतः Check for updates दाबता तेव्हा तो लागू होतो. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी सकाळी कॉलेजला जायच्या आधी पीसी चालू करून ते बटण दाबलंत, तर पूर्ण वेगानं उतरून जाईल आणि संध्याकाळी काही उरणारच नाही.

Delivery Optimization मध्येच दुसऱ्या मशीनना अपडेट वाटण्याचा पर्याय आहे. तो इंटरनेटवरच्या मशीनसाठी चालू असेल तर तुमचं अपलोड वापरलं जातं, आणि अपलोड भरलं तरी पिंग असंच उडतं. फक्त घरच्या नेटवर्कपुरता ठेवा.

शाहूपुरीचा_गडी

वेळेप्रमाणे लिमिट लावता येत नाही का? रात्री ९ ते ११ कमी, बाकी वेळ मोकळं?

उद्यमनगरवाला

प्रो असेल तर येतं. `gpedit.msc` मध्ये Delivery Optimization खाली Set Business Hours to Limit Background Download Bandwidth अशी पॉलिसी आहे. त्यात किती ते किती वाजेपर्यंत आणि त्या वेळात किती टक्के, बाहेरच्या वेळात किती टक्के, असं भरता येतं. मी ऑफिसांमध्ये तेच लावतो. होममध्ये gpedit नसतं, आणि वरच्या पानावर वेळेचा रकाना नाही.

रंकाळा_रात्रपाळी

एवढं सगळं कशाला? इथरनेटच्या सेटिंगमध्ये Metered connection चालू करा, अपडेट आपोआप उतरतच नाही. मी असाच खेळतो.

उद्यमनगरवाला

चालतं, आणि होमवाल्यांसाठी चांगला उपाय आहे. पण Advanced options मध्ये मीटर्ड कनेक्शनवरही डाउनलोड करण्याचं बटण आहे, ते बंद असायला हवं. तातडीचं काही असेल तर ते तरीही येऊ शकतं. वनड्राइव्हसुद्धा फाइली चढवायचं थांबवतं. आणि परत बंद करायला विसरलात तर महिनोन्‌महिने अपडेट नाही. स्पर्धेच्या दिवसापुरतं वापरायचं असेल तर उत्तम. त्यासाठी Pause updates सुद्धा आहे, जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

५ एमबीपीएस लावून दोन रात्री खेळलो. पिंग २२ ते ३० मध्येच! मित्रांनीही विचारलं काय केलंस म्हणून. दादा, मनापासून आभार.

पण आज परत १९० गेलं. माझ्या resmon मध्ये काहीच नाही, svchost शांत. राउटरचा आकडाही १ च्या खालीच. आता काय?

उद्यमनगरवाला

घरात आणखी कोण नेटवर आहे?

राजारामपुरी_९वी_गल्ली

ताईचा ऑफिसचा लॅपटॉप! ती आजच पुण्याहून आली. तिनं उघडून दाखवलं, तिचंच अपडेट उतरत होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उद्यमनगरवाला

मर्यादा त्या त्या मशीनपुरती असते, लाइनची नसते. तिच्या लॅपटॉपवरही लावा. ऑफिसचा असल्यामुळे ते पान बंद ठेवलेलं असेल तर तिला जेवणाच्या वेळी अपडेट करून घ्यायला सांगा.

सगळ्या घरासाठी एकदम करायचं तर राउटरवरच रांग आवरावी लागते. OpenWrt चालणारा राउटर असेल तर त्यात SQM लावायचं आणि लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा द्यायचा. समजा ४० ची लाइन असेल तर ३६. मग कुणीही काहीही उतरवलं तरी गेमचे तुकडे मागे अडकत नाहीत. केबलवाल्यानं दिलेल्या डब्यात हे सहसा नसतं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

ऑफिसनं पान बंदच ठेवलंय. ती आठ वाजताच अपडेट करून घेईन म्हणाली.

अजून एक. काल अपडेट पूर्ण उतरल्यावर पिंग २२ वरच होतं, पण फ्रेम १४० वरून ४० वर येत होत्या. टास्क मॅनेजरमध्ये `TiWorker.exe` आणि डिस्क १०० टक्के. माझी विंडोज जुन्या हार्डडिस्कवर आहे.

उद्यमनगरवाला

ते उतरलेलं अपडेट बसवण्याचं काम. त्याला डाउनलोडची मर्यादा लागत नाही आणि अ‍ॅक्टिव्ह अवर्सही ते पूर्ण अडवत नाहीत. मध्येच बंद करू नका, होऊ द्या. मी म्हटलं तसं सकाळी अपडेट करून लगेच रीस्टार्ट केलंत तर संध्याकाळवर येणार नाही. कायमचं हवं असेल तर विंडोज एसएसडीवर घ्या. नुसता गेम एसएसडीवर हलवून पूर्ण फरक पडणार नाही, कारण खिटपिट विंडोजच्या ड्राइव्हवर चाललेली असते.

कळंब्याची_ताई

मुलाचं बघितलं. पिंग ३० वर जागेवर आहे, चित्रच अडकतं. लॅपटॉप उद्या दुकानात देते.

राजारामपुरी_९वी_गल्ली

एसएसडी दिवाळीला घेईन. तोवर दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी सकाळी सहाचा गजर. राउटरचं मात्र करून बघायचंय. केबलवाल्याला विचारलं की तुमचा डबा ब्रिज मोडवर टाकून द्या, मी माझा राउटर लावतो. तो म्हणाला जमत नाही. कोल्हापुरात लोकल केबलच्या नेटवर कुणी हे करून घेतलंय का? डबा तसाच ठेवून त्याच्या मागे दुसरा राउटर लावला तर व्हॅलोरंटच्या व्हॉइस चॅटला काही अडचण येते का?

रंकाळा_रात्रपाळी

माझ्याकडे तसेच दोन राउटर एकामागे एक आहेत. व्हॉइस चालतो. मित्राच्या घरी मात्र एका जुन्या गेमची लॉबी उघडत नव्हती, त्याचं कारण अजून सापडलं नाही.