रेट लॉ की Kc, गणित ओळखायचं कसं?

"दोन्हीत कॉन्सन्ट्रेशनच दिलेलं असतं, मग कुठलं गणित आहे ते कळणार कसं?"

जुने पेपर काढ आणि सोडवू नकोस, नुसता दिलेला डेटा वाच. 'इनिशियल' शब्दावर जाऊ नको, तो दोन्हीकडे येतो. रेट लॉमध्ये एकाच रिअॅक्शनचे तीन-चार प्रयोग टेबलात असतात नि शेवटच्या कॉलमला रेट, युनिट mol L⁻¹ s⁻¹, म्हणजे सेकंद दिसला की काम झालं. उदा. NO आणि O₂ मध्ये O₂ तेवढाच ठेवून NO दुप्पट केल्यावर रेट चौपट झाला तर NO ची ऑर्डर 2, घातांक टेबलातूनच काढायचा, इक्वेशनमधून नाही.

Kc मध्ये एकच भांडं असतं आणि वेळेचा पत्ताच नसतो, "समतोल झाल्यावर इतके मोल उरले" अशी भाषा. H₂ नि I₂ प्रत्येकी 1 मोल, 1 लिटरचं भांडं, समतोलाला HI 1.56 मोल, म्हणजे दोघांचे 0.78 गेले, उरले 0.22, Kc = (1.56)²/(0.22)² साधारण 50. इथे मात्र घातांक सरळ बॅलन्स्ड इक्वेशनमधून.

फसवणारा प्रकार म्हणजे फॉरवर्ड आणि रिव्हर्सचे रेट कॉन्स्टंट देऊन K विचारतात, तिथे सेकंद दिसले तरी नुसता kf/kb भागाकार आहे.