अनुभव धागा: परदेशातल्या लेकीचं आईला पत्र, व्हिडिओत वाचायचं

कृष्णाकाठ
तासगावकडच्या एका आईची एकसष्ठी आहे. लेक जर्मनीत नर्स, रजा मिळत नाही. आईला लिहिलेलं पत्र ती मोबाईलपुढं वाचून पाठवणार आणि ते मांडवात टीव्हीवर लावायचं. पत्र फुलस्केपची चार पानं आहे, त्यातून संहिता करायचं काम माझ्याकडं आलंय. असे व्हिडिओ ज्यांनी केलेत त्यांनी हातचं सांगा. स्वतःच्या कहाण्या नकोत, काय करायचं आणि कुठं बिघडतं ते हवंय.

माहुलीकर
आधी मोजा. हाताने लिहिलेल्या फुलस्केप पानावर साधारण दोनशे-सव्वादोनशे शब्द बसतात. भरल्या गळ्याने मराठी वाचताना मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणजे चार पानांना आठ-नऊ मिनिटं. मांडवात तिसऱ्या मिनिटाला पंगतीची गडबड सुरू होते, त्यामुळे तीनशे शब्दांवर थांबा.

कापायचं कसं, तर पत्र कुणाकुणाशी बोलतंय ते बघा. मध्ये काका, मावशी, शाळेतल्या बाई यांचे आभार आले की आई बाजूला पडते. ती सगळी वाक्यं काढा, त्यांना वेगळा फोन करता येतो. उरलेल्यातून एकच आठवण ठेवा आणि ती नीट फुलवा.

कृष्णाकाठ
पत्रातलं वाक्य असं आहे: "तू आमच्यासाठी अपार कष्ट उपसलेस पण कधीही तक्रार केली नाहीस." हे ठेवू का?

माहुलीकर
नको. हे कुठल्याही लेकीने कुठल्याही आईला म्हणावं असं आहे. कष्ट म्हणजे नेमकं काय, ते मुलीला विचारा.

कृष्णाकाठ
विचारलं. आई बेदाणा निवडायला जायची. निघताना भाकरी फडक्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवायची.

माहुलीकर
झालं की मग. असं लिहा:

"अंधारातच तू बेदाणा निवडायला निघायचीस.
माझी भाकरी फडक्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवायचीस.
शाळेत डबा उघडला की ती अजून कोमट असायची."

'कष्ट' हा शब्द कुठंच नाही. एका ओळीत एक श्वास. पत्रात लिहिलेलं "ज्या वेळी मला नोकरीचे पत्र मिळाले त्या वेळी तुझ्या डोळ्यांत आलेले अश्रू" असलं वाक्य वाचताना मधेच दम संपतो आणि आवाज नको तिथं चिरकतो. ते तोडा: "नोकरीचं पत्र आलं. तू ते नुसतं हातात धरलंस. मग देवापुढं ठेवलंस."

पुसेगावची पाटी
मायना सांभाळा. "ती. आईस, शि. सा. न." हे कागदावर ठीक, पण वाचताना मुली "शि सा न" असंच वाचून जातात. संहितेत "तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार" असं पूर्ण लिहा. वडील हयात नसतील तर सवयीने "सौ." पडत नाही ना, तेही तपासा. शिवाय चारचौघांत आईला "तुम्ही" म्हणायला लावा, शोभून दिसतं.

माहुलीकर
मायन्याचं बरोबर, पण "तुम्ही"चं नाही पटत. वडिलांना अहो-जाहो असतं, आईला आपल्याकडं "तू"च. "तुम्ही" केलं की सासूला लिहिल्यासारखं वाटेल.

हरिपूर रोड
एक बारीक गोष्ट. सांगलीकडच्या मुली घरात "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, लिहिताना मात्र "मी आले, मी गेले" लिहितात. वाचताना "आले" म्हटलं की आईला ती परकी वाटते. बोलते तसंच लिहा.

पुसेगावची पाटी
पुण्याचे पाहुणे हसतील.

हरिपूर रोड
व्हिडिओ पुण्याच्या पाहुण्यांसाठी आहे का?

विटा डिजिटल
सोपं आहे. मोबाईल उभा धरायचा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा. आणि पत्र पाठ करायला सांगा, डोळे वर राहतात.

शिराळ्याचा वायरमन
उभा व्हिडिओ टीव्हीवर मधल्या पट्टीत बसतो, दोन्हीकडं काळं. मोबाईल आडवाच हवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, मोठ्या पडद्यावर चेहरा पुसट दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग जसाच्या तसा येतो.

आयफोन असेल तर सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथं Most Compatible निवडायचं. नाहीतर जुना टीव्ही पेनड्राईव्हवरची फाईल उघडत नाही, किंवा आवाज येतो आणि चित्र काळं. आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर, त्याच पेनड्राईव्हने लावून बघा. दुसऱ्या टीव्हीवर चाललं म्हणजे इथं चालेल असं नाही.

माहुलीकर
पाठ करायचं मात्र करू नका. पाठ केलं की वक्तृत्व स्पर्धा होते. हे पत्र आहे, कागद दिसलाच पाहिजे. फक्त पहिली आणि शेवटची ओळ पाठ. बाकी ओळ डोळ्यांनी उचलायची आणि शेवटचे दोन-तीन शब्द वर बघून म्हणायचे. मोबाईल डोळ्यांच्या उंचीला, कागद छातीशी, लेन्सच्या बरोबर खाली. कागद मांडीवर ठेवला तर आईला लेकीचा भांगच दिसत राहतो. पानं पिन न लावता सुटी ठेवा. पान उलटायचा कर्रर्र आवाज मांडवातल्या स्पीकरवर फार मोठा येतो.

मिरजेची मावशी
मी म्हणते व्हिडिओ कॉलच करा ना! उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. माझ्या भाचीचं आम्ही तसंच करतो. रविवारी दुपारी दोनला फोन लावतो, तिचा नाश्ता चाललेला असतो.

कृष्णाकाठ
मावशी, कॉल नंतर आहेच. इथं पत्राचं विचारतेय.

खरी भीती रडण्याची आहे. मुलगी तिसऱ्या ओळीलाच थांबते.

माहुलीकर
तिसऱ्या ओळीला काय आहे?

कृष्णाकाठ
"तुझी फार आठवण येते."

माहुलीकर
ती ओळ खाली न्या, पाऊण पत्र झाल्यावर. सुरुवातीला आवाजाला आधार नसतो. जड ओळीच्या आधी एक हलकी ठेवा, "इथं भाकरी थापली, ताटाएवढी जाड झाली" असलं काही. हसली की छाती मोकळी होते आणि पुढची ओळ निघते.

तरी कंठ दाटला तर रेटून बोलायचं नाही, शब्द कळत नाहीत. कागद खाली घ्यायचा, लेन्सकडं बघायचं, मनात तीन मोजायचे आणि ती ओळ पहिल्यापासून म्हणायची. अर्ध्यातून उचललं तर जोडताना कापता येत नाही. मोठ्याने सराव दोनदाच. पाचव्या वेळेपर्यंत आवाज कोरडा होतो.

शिराळ्याचा वायरमन
मागं बासरी वगैरे लावू नका. मांडवातल्या कर्ण्यावर बासरीच ऐकू येते, बोलणं नाही.

हरिपूर रोड
रडलेला टेक ठेवायचा की नाही?

माहुलीकर
शब्द कळत असतील तर ठेवावा.

पुसेगावची पाटी
मी ठेवणार नाही. साठी ओलांडलेल्या बाईला लेक परमुलखात रडताना दाखवायची, तेही शंभर माणसांत? रात्री झोप नाही लागायची तिला.

कृष्णाकाठ
दोन्ही टेक मागवते, थोरल्या भावाला दाखवून ठरवते. शेवट काय ठेवू? पत्रात "तुझीच लाडकी" आहे.

माहुलीकर
ते कागदावर राहू दे. वाचायला: "आई, आता उठ. पंगत थांबलीय तुझ्यासाठी." त्यानंतर तीन सेकंद नुसतं बघत राहायचं, मगच बटण बंद करायचं. नाहीतर शेवटचं दृश्य म्हणून लेन्सवर येणारा हात दिसतो.

हरिपूर रोड
ती घरात "आई" म्हणते का पण?

कृष्णाकाठ
नाही. "मम्मे" म्हणते. पत्रात "आई" लिहिलंय.

हरिपूर रोड
मग "मम्मे, आता उठ."

पुसेगावची पाटी
आणि वर "तीर्थरूप मम्मेस"? काहीही!