एक्स्चेंजवरचे स्टेबलकॉइन: खरेदीला थांबलेला पैसा की नुसता पडून असलेला?

चंद्रकोर: एक्स्चेंजवर स्टेबलकॉइनचा, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेल्या नाण्यांचा, साठा वाढला की बिटकॉइन चढणार, असं टेलिग्राम ग्रुपवर रोज वाचतो. यात कितपत तथ्य आहे?

बाजारबुणगा: तथ्य आहे की. वॉलेटमधलं यूएसडीटीसारखं स्टेबलकॉइन कोणी उगाच एक्स्चेंजवर आणत नाही. आणलं म्हणजे घेण्याचा विचार आहे. साठा घटला की समजायचं, दारूगोळा संपत आला.

रात्रपाळी: आणण्याबद्दलचं अर्धं बरोबर. दुसरं अर्धं चुकतंय. मी तुमच्याकडून 1 बिटकॉइन घेतला, तर माझे यूएसडीटी तुमच्या खात्यात जातात. एक्स्चेंजचा एकूण साठा तेवढाच राहतो. तो घटतो कोणी पैसे बाहेर काढले किंवा मोडून डॉलर केले तर. म्हणजे साठ्यातला मोठा भाग नुकतंच विकून बसलेल्यांचाही असू शकतो.

2023 आठवा. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या नियामकाने पॅक्सॉस कंपनीला बायनान्सच्या नावाचं स्टेबलकॉइन, म्हणजे नवे बीयूएसडी, काढायला मनाई केली. तेव्हा बाजारात सुमारे 16 अब्ज डॉलरचे बीयूएसडी होते, बहुतेक बायनान्स एक्स्चेंजवरच. लोक ते मोडत गेले, आलेखावर साठा आटत गेला. तुमच्या हिशेबाने बाजार झोपायला हवा होता. बिटकॉइन तेव्हा 22 हजार डॉलरच्या आसपास होता, डिसेंबरात 40 हजारांपुढे गेला.

बाजारबुणगा: एका नाण्यावर बंदी आली म्हणून अख्खा निकष बाद? आवक तरी धराल की नाही?

रात्रपाळी: आवक धरतो, पण कशाची ते बघून. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, यूएसडीसी हे स्टेबलकॉइन काढणाऱ्या सर्कल कंपनीचे 3.3 अब्ज डॉलर तिथे अडकले, यूएसडीसी 90 सेंटच्याही खाली गेलं. त्या दोन दिवसांत एक्स्चेंजवर यूएसडीसी आणणारे ते विकून पळायला आले होते. शिवाय भाव पडेल म्हणून फ्युचर्समध्ये शॉर्ट मारणाराही तारण यूएसडीटीच ठेवतो. बाहेरून त्याचा पैसा आणि तुमचा पैसा सारखाच दिसतो.

कोकणमेवा: माझे तर सहा महिने यूएसडीटीच पडून आहेत. त्यातून बिटकॉइन घ्यायचा तरी आधी 1 टक्का टीडीएसचा विचार करावा लागतो. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी सुरक्षित आहे का, ते सांगा ना कोणीतरी.

रात्रपाळी: तो वेगळा धागा होईल. पण तुमचे पडून राहिलेले यूएसडीटीसुद्धा त्या आलेखात ‘थांबलेली खरेदी’ म्हणूनच मोजले जातात बरं का!

चंद्रकोर: मग हा आलेख बघायचाच नाही?

रात्रपाळी: मी बघतो. सगळी नाणी एकत्र धरून, इथेरियमबरोबर ट्रॉन या ब्लॉकचेनवरचीही. कारण यूएसडीटीचा मोठा हिस्सा ट्रॉनवर आहे आणि कित्येक आलेख तो मोजतच नाहीत. आठवडाभर आवक टिकली आणि स्पॉटमधला व्यवहारही वाढला, तरच थोडं वजन देतो. एका दिवसाची उडी सोडून देतो. बऱ्याचदा एक्स्चेंजने स्वतःचीच वॉलेटं इकडची तिकडे केलेली असतात.

बाजारबुणगा: जानेवारी 2024 पासून अमेरिकेत बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ, म्हणजे बिटकॉइन धरणारे शेअर बाजारातले फंड, आहेत. तिथली खरेदी थेट डॉलरने होते, ती या आलेखात येतच नाही, हे तुम्ही विसरलात. तरीही उसळीआधी साठा वाढलेला मी अनेकदा पाहिलाय.

रात्रपाळी: ईटीएफचं मान्य. पण साठा वाढून काहीच झालं नाही, अशा वेळा मोजल्यात का कधी?