उजळणीच्या तारखा

"सहा विषय, सात आठवडे उरलेत. एकेक आठवडा एकेका विषयाला दिला तर चालेल का?"

सलग नको, पहिल्या आठवड्यातला इतिहास परीक्षेपर्यंत पुसला जातो. आमच्या मुलीने, इथे सांगलीतच, धड्याशेजारी पुढच्या तारखा टाकल्या होत्या. विज्ञानातलं गुरुत्वाकर्षण ५ जानेवारीला, मग ८, १५ आणि ५ फेब्रुवारीला. प्रत्येक वेळी आधी पुस्तक मिटून केप्लरचे तिन्ही नियम लिहायचे, मगच ताडून बघायचं. नुसतं वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, लिहिताना खरं कळतं. अडलं तर तो धडा पुन्हा तीन दिवसांवर. रोज नवे धडे दोनच घ्या, तेही वेगळ्या विषयांचे. जास्त घेतले तर तिसऱ्या आठवड्यात जुन्या तारखा तुंबतात. त्यासाठी रविवार मोकळा ठेवा. गणिताची उदाहरणं मात्र रोज हवीतच.