निकालाची भेट मोबदला वाटू नये म्हणून काय करावं?

मदत हवी आहे. मुलगी दहा वर्षांची. परीक्षेत छान गुण मिळालेत. अपूर्णांक अजिबात जमत नव्हते, तरी रोज पाटी घेऊन बसून तिनं ते पक्के केले, याचं मला जास्त कौतुक आहे. आम्ही आधी काही कबूल केलं नव्हतं. ठरलेल्या बक्षिसानं लक्ष अभ्यासावरून बक्षिसाकडे जातं. पण मागे काकानं विषयागणिक पैसे दिले, तेव्हापासून साध्या चाचणीलाही "किती मिळतील?" विचारते. नुसती शाबासकी दिली तर हिरमुसते. चित्रांची आवड आहे, म्हणून रंगपेटी घ्यायचा विचार आहे. धाकट्या भावाचे गुण बेताचे आहेत, त्यामुळे तुलनाही नको. भेट निकालाच्याच दिवशी द्यावी की थोडं थांबून? आणि हातात देताना नेमकं काय म्हणावं?