मदत हवी आहे: खड्ड्यात स्कूटर पडली, खड्डा आता बुजवलाय. महापालिकेला पत्र कसं लिहू?

केदार_म

आई ९ जुलैला संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास स्कूटरवरून पडली. पाऊस नुकताच थांबला होता आणि खड्डा पाण्याने भरलेला, त्यामुळे तिला तो डबक्यासारखा दिसला. पुढचं चाक आत गेलं आणि ती डाव्या हातावर आपटली. मनगटाजवळचं हाड मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाने खड्ड्याचे चार फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवले. ११ तारखेला पाहतो तर खड्डा बुजवलेला! आता आमच्या हातात काय उरलं, असं वाटतंय. पत्राचा मसुदा असा आहे:

"महोदय, आपल्या निष्काळजीपणामुळे मागील आठवड्यात माझ्या आईचा भीषण अपघात झाला. मुख्य रस्त्यावर जीवघेणे खड्डे असून प्रशासन झोपले आहे. सोबत फोटो जोडले आहेत. दोषींवर तात्काळ कठोर कारवाई करून आम्हाला न्याय द्यावा."

यात काय बदलू? खड्डा बुजवल्याचं लिहायचं की नाही? लिहिलं तर "मग आता तक्रार कसली" म्हणतील, अशी भीती वाटते.

शुभदा_जो

आईंना लवकर बरं वाटो. फोटोवर तारीख नसेल तर तारीख-वेळ छापणारं ॲप मिळतं, त्यातून चारही फोटोंवर १० जुलै टाकून घ्या. तारखेशिवाय फोटोला ऑफिसात कोणी विचारत नाही. आणि पोलिसात एफआयआर नसेल तर पत्राचा काहीच उपयोग नाही, आधी तो करा.

निवृत्त_जेई

शुभदाताई, तारीख महत्त्वाची हे बरोबर, पण ती मागाहून छापू नका. उद्या कोणी मूळ फोटो मागितला आणि त्यावर शिक्का नसला, तर खरा फोटोही खोटा ठरेल. एफआयआर असला तर बळ येतं, पण तो नाही म्हणून पत्र अडत नाही. पोलीस ठाण्यात घटनेचा साधा अर्ज देऊन पोच घेतली तरी एक कागद वाढतो.

केदार, मी महापालिकेच्या रस्ते विभागात बरीच वर्षं काढली. तुझ्याकडचे फोटो व्हॉट्सॲपने आकसवलेले आहेत. फोटोच्या पोटात असलेली काढल्याची वेळ त्यात उरत नाही. फाइलच्या नावातली तारीख, म्हणजे `IMG-20260710-WA0007.jpg` असं काही असेल ती, फोटो व्हॉट्सॲपवर आल्याची. मामेभावाला सांग, मूळ फोटो मोबाइलमधून अजिबात पुसू नकोस आणि ते 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलने पाठव. गॅलरीत तपशील उघडला की काढल्याची वेळ दिसते, त्या पडद्याचाही स्क्रीनशॉट ठेवा.

खड्डा बुजवल्याचं तर जरूर लिही. तुझा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. खडी आणि डांबर कोणीतरी आणलं, टाकलं, म्हणजे त्याची नोंद कुठेतरी आहे. रोजच्या कामाच्या नोंदवहीत असेल, किंवा ठेकेदाराने केलं असेल तर मोजमाप पुस्तिकेत. तिथे खड्डा होता हे तुला नुसत्या फोटोने सिद्ध करायचं नाही, त्यांच्याच कागदाने करायचं आहे. माहिती अधिकारात एवढंच माग: "अमुक खांबासमोर १० व ११ जुलै रोजी खड्डा भरल्याच्या नोंदीची प्रत." "खड्डा का पडला" असं विचारू नकोस. 'का'ला उत्तर मिळत नाही, कागद मागितला तर मिळतो.

एक सांग, फोटोत खड्ड्याची कड कशी आहे? आणि आसपास विजेचा खांब दिसतो का?

केदार_म

काका, एका फोटोत खांब आहे, क्रमांक पुसट वाचता येतो. बाकी तीन अगदी जवळून आहेत, नुसतं चिखलाचं पाणी. कड एका बाजूने सरळ आहे, पट्टीने आखल्यासारखी, दुसऱ्या बाजूने तुटकी.

निवृत्त_जेई

सरळ कड म्हणजे तिथे चर खोदली होती. पाण्याची लाइन असेल नाहीतर केबल. चर भरताना थर देऊन नीट दाबली नाही की पहिल्या पावसात माती बसते आणि वरचं डांबर कडेपासून तुटतं. म्हणजे खोदाईची परवानगी कोणाला दिली आणि रस्ता पूर्ववत कोणी करायचा होता, हेही मागायला हवं.

आज जाऊन त्याच खांबासह नव्या ठिगळाचा फोटो काढ, मामेभाऊ जिथे उभा होता तिथूनच. जुना आणि नवा फोटो एकाखाली एक लावला की जागा तीच, हे न बोलता कळतं. ठिगळाची लांबी-रुंदी टेपने मोज. खोली आता कळणार नाही, ती अंदाजाने लिहू नकोस.

आणि दवाखान्याच्या केसपेपरवर पडण्याचं कारण काय लिहिलंय ते बघ.

वाटसरू७७

आमच्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर माझी बाइक अशीच घसरली, हेडलाइट फुटला. मी विम्याचा दावा केला, मिळाला. तुम्हीही विमा कंपनीलाच लिहा, महापालिकेच्या नादी लागू नका.

निवृत्त_जेई

तो गाडीच्या नुकसानीचा विमा, इथे प्रश्न मोडलेल्या हाताचा आहे. आणि सोसायटीच्या आतला रस्ता बहुधा महापालिकेचा नसतो.

केदार_म

केसपेपर पाहिला. "घसरून पडल्या" एवढंच आहे, गाडीचा उल्लेख नाही. तारीख ९ जुलै, वेळ साडेसात.

अ‍ॅड_मृणाल

तो कागद स्वतः खोडू नका. डॉक्टरांना भेटून "दुचाकीवरून पडल्याने दुखापत" असं वेगळं प्रमाणपत्र देता येईल का, ते विचारा. ज्यांनी आईंना उचललं त्यांचं सहीचं निवेदनही घ्या.

भरपाईचं वेगळं सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूसाठी ६ लाख आणि दुखापतीसाठी गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती त्यावर निर्णय घेते. म्हणून पत्राची एक प्रत प्राधिकरणाच्या कार्यालयातही द्या. मनगटाच्या हाडाला किती मिळेल, हे मात्र मी सांगणार नाही.

मसुद्यातले "जीवघेणे", "झोपले आहे" काढा. ते वाचून कोणालाही काही करावं लागत नाही. असं लिहून पाहा:

"दि. ९ जुलै रोजी सायं. सुमारे ६.४५ वा. माझी आई दुचाकीवरून जात असताना विद्युत खांब क्र. __ समोरील पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढील चाक जाऊन पडली. हेल्मेट परिधान केलेले होते. डाव्या मनगटाजवळील हाड मोडले आहे. दि. १० जुलै रोजी काढलेली छायाचित्रे (१ ते ४) सोबत आहेत. दि. ११ जुलै रोजी सदर खड्डा बुजविलेला आढळला, त्याचे छायाचित्र (५) सोबत आहे. खड्डा भरल्याची नोंद जतन करावी, स्थळपाहणी करून लेखी कळवावे व भरपाईच्या दाव्याची नोंद घ्यावी."

केदार_म

आज देऊन आलो. आवक विभागातल्या बाईंनी आधी "साहेब आल्यावर या" म्हटलं. मी दुसरी प्रत पुढे करून फक्त पोच मागितली, तेव्हा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मिळाला. डॉक्टर सोमवारी भेटणार आहेत.

पण तिथल्याच एका शिपायाने सांगितलं की तो रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे. मग ठिगळ कोणी लावलं?

निवृत्त_जेई

शिपायाच्या तोंडी शब्दावर पत्र परत घेऊ नकोस. हाच प्रश्न माहिती अधिकारात टाक: रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हस्तांतरणाच्या पत्राची प्रत द्या. तोवर तेच पत्र बांधकाम उपविभागालाही दे, तारखा आणि फोटोंचे क्रमांक तेच ठेवून. उत्तर आलं की इथे टाक.