मदत हवी आहे: तीन गटांचं हिमोग्लोबिन, टी-टेस्ट, अ‍ॅनोव्हा की क्रुस्कल-वॉलिस?

मिरजेची_नर्स
एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध आहे. जत तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलींचे तीन गट केले: नुसती लोहाची गोळी, गोळी आणि आहाराची माहिती, गोळी आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन मोजलं. गटांत 34, 31 आणि 12 मुली. तिसऱ्या गटातल्या बऱ्याच जणी दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्या. एसडी 1.0, 1.1 आणि 2.2. मी तीन टी-टेस्ट केल्या, गाईड म्हणाले अ‍ॅनोव्हा करा. सगळ्या 77 आकड्यांवर शापिरो लावली तर पी 0.003 आला, म्हणून मैत्रीण क्रुस्कल-वॉलिस सांगतेय. काय करू?

विट्याचा_फार्मा
तीसच्या खाली नमुना असला की नॉन-पॅरामेट्रिकच करायची. आमच्या सरांनी हेच शिकवलंय. तीन टी-टेस्ट मात्र नकोतच, फरक नसतानाही एखादा सापडण्याची शक्यता 5 टक्क्यांवरून 12 च्या आसपास जाते.

आकडेवाला_सांगली
टी-टेस्टचं बरोबर, तीसचा नियम मात्र खरा नाही. ताई, सगळे आकडे एकत्र करून शापिरो लावू नका. गटांच्या सरासऱ्या वेगळ्या असतील तर एकत्र ढीग वेडावाकडा दिसणारच. प्रत्येक आकड्यातून त्याच्या गटाची सरासरी वजा करून उरतं ते बघायचं.

तुमची खरी अडचण 2.2 ची आहे. लहान गटातच विखुरलेपणा जास्त असला की साधा अ‍ॅनोव्हा खोटा फरक दाखवू लागतो, कारण तो मोठ्या गटांचा कमी विखुरलेपणा सगळ्यांना लावतो. वेल्च अ‍ॅनोव्हा वापरा. आरमध्ये तोच मिळतो:

```
stripchart(hb ~ gat, data = d, vertical = TRUE, method = "jitter")
oneway.test(hb ~ gat, data = d)
```

क्रुस्कल-वॉलिस सरासरीची तुलना करत नाही, आणि लाडवाने हिमोग्लोबिन किती वाढलं हे तुम्हाला सांगायचंय. पण आधी पहिली ओळ चालवून ठिपके बघा.

कराडकर_पीजी
माझ्याकडे 40 रुग्णांची औषधाआधीची आणि नंतरची साखर आहे. मलाही वेल्च चालेल?

आकडेवाला_सांगली
नाही डॉक्टर, तुमची माणसं तीच आहेत. प्रत्येकाचा फरक काढून पेअर्ड टी-टेस्ट करा.

मिरजेची_नर्स
सर, ठिपके बघितले. तिसऱ्या गटात अकरा जणी 9.4 ते 12.6 मध्ये आहेत, एक 4.2 वर.

विट्याचा_फार्मा
काढून टाका तो आकडा, एसडी लगेच खाली येईल.

आकडेवाला_सांगली
अजिबात काढू नका. आधी मूळ चिठ्ठी बघा. 4.2 खरा असेल तर 8 च्या खालचा म्हणजे तीव्र रक्तक्षय. ती मुलगी आजच आरोग्य केंद्रात जायला हवी, प्रबंध नंतर.

मिरजेची_नर्स
चिठ्ठी काढली. 4 च्या आधी पेनाची पुसट रेघ आहे, 14.2 असावं असं वाटतं, पण खात्री देता येत नाही. मुख्याध्यापकांना फोन केलाय. उद्या पहिल्या एसटीने जतला जाऊन तिचं परत मोजते.